बारामधून चार उरले, मग निरोप नऊ कसे?

गाण्याच्या रिअ‍ॅलिटी शोचे निर्माते, चॅनेलची मंडळी आणि परीक्षक, सगळ्यांना नमस्कार.

मी गाणं शिकवते. माझी एक विद्यार्थिनी एका मोठ्या शोच्या गेल्या सीझनमध्ये सेमीफायनलपर्यंत पोचली आणि टायब्रेकरमध्ये बाहेर पडली. शोचं नाव मी घेणार नाहीये, पोरांची नावं तर मुळीच नाही, आणि हे सगळं तिला विचारूनच लिहितेय. ती हरली याचं मला वाईट वाटलं पण राग नाही आला, स्पर्धा म्हटलं की कोणीतरी जाणारच. राग आला तो दोन आठवड्यांनी, फायनल बघताना. टायमध्ये तिच्यासमोर जो मुलगा होता त्याची ‘जर्नी’ दाखवली, ऑडिशनपासून थेट फायनलपर्यंत, आईचे अश्रू, पहिलं गाणं, परीक्षक उभे राहून टाळ्या वाजवतायत, आणि निवेदक म्हणाला की पहिल्या दिवसापासून हा इथे टिकून आहे. हा मुलगा पाचव्या फेरीत बाहेर गेला होता! मी तिथेच प्रेक्षकांत बसले होते त्या दिवशी, त्याला मिठी मारून रडणारी माझीच पोरगी होती.

माझ्याकडे सगळ्या फेऱ्यांची वही होती. मी प्रत्येक एपिसोडला मार्क लिहून ठेवायचे, शिकवायला उपयोगी पडतं म्हणून, कुठे मार्क गेले कुठे आले ते बघायला. त्या रात्री घरी येऊन वही उघडली आणि नुसती माणसं मोजली. सीझन सुरू झाला बारा जणांनी. पहिल्या दोन फेऱ्यांत कोणी गेलं नाही. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या फेरीत एकेक गेला, राहिले आठ. सातव्या फेरीत एका मुलीचं नाव जाहीर झालं, तिची निरोपाची व्हिडिओ क्लिप पण लागली, आणि मग एक परीक्षक उठून म्हणाले ही जाणार नाही, आणि ती राहिली. म्हणजे अजून आठच. आठव्या फेरीत एक गेला, सात. नवव्या फेरीत वाइल्ड कार्ड, तो मुलगा परत आला, पुन्हा आठ. दहाव्या फेरीत एकदम दोघं गेले, सहा. अकरावी फेरी सेमीफायनल, तिथे दोघं जाऊन चार राहिले.

आता बारामधून चार राहायला आठ जण जायला हवेत. माझ्या वहीत निरोप नऊ आहेत, आणि रद्द झालेला धरला तर नाव जाहीर व्हायचा प्रसंग दहा वेळा आलाय. हा जो एकाचा फरक आहे तोच तो परत आलेला मुलगा, आणि दुसऱ्या एकाचा फरक म्हणजे ती सातव्या फेरीतली मुलगी, जी पुढे फायनलला गेली. तुमच्या फायनलच्या एपिसोडमध्ये या दोन्ही गोष्टींचा उल्लेख नाही. जर्नीच्या क्लिपमध्ये नाही, निवेदनात नाही, नंतर तुमच्या पेजवर टाकलेल्या सीझनच्या तक्त्यात तर सातव्या फेरीसमोर त्या मुलीच्या नावापुढे सरळ ‘सेफ’ लिहिलंय.

नवव्या फेरीनंतर ज्याने शो बघायला सुरुवात केली असेल किंवा फक्त क्लिप बघितल्या असतील त्याला हे कधीच कळणार नाही. म्हणून मी हे पत्र तुम्हाला एकट्याला न पाठवता सगळ्यांसमोर ठेवतेय.

आधी एक स्पष्ट करते. वाइल्ड कार्डला माझा विरोध नाही. एखाद्याचा गळा बसलेला असतो, एखाद्याला भलतंच गाणं वाट्याला येतं, आणि चांगला गाणारा एका रात्रीत जातो, हे मी जवळून बघितलंय. अमेरिकन आयडॉलच्या २००३ च्या सीझनमध्ये क्ले एकेन आधीच्या गटातून पुढे गेलाच नव्हता, वाइल्ड कार्डने आला आणि उपविजेता झाला. पुढच्या वर्षी जेनिफर हडसन पण वाइल्ड कार्डनेच आली, ती सातवी आली आणि नंतर कुठल्या कुठे पोचली ते सगळ्यांना माहितीये. त्यांच्याबद्दल कोणी सांगताना वाइल्ड कार्ड लपवत नाही, लपवण्यासारखं त्यात काही नाहीच.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि पहिली तक्रार हीच की तुम्ही वाइल्ड कार्ड हा एकच शब्द चार वेगळ्या गोष्टींना वापरता. आधी बाहेर गेलेला परत येतो ते एक. कधीच शोमध्ये नसलेला नवा चेहरा मधेच येतो ते दुसरं. कोणी आजारी पडून किंवा घरच्या कारणाने शो सोडतो आणि त्याच्या जागी कोणाला बोलावतात ते तिसरं. आणि बाहेर गेल्याचं जाहीर करून त्याच रात्री निर्णय फिरवतात ते चौथं, ते खरं तर वाइल्ड कार्ड नाहीच, तो ‘सेव्ह’ आहे. चारही वेळा इतर स्पर्धकांवर होणारा परिणाम वेगळा असतो. जागा भरायला आलेल्यामुळे एकूण आकडा तोच राहतो, कोणाचं नुकसान होत नाही. परत आलेल्यामुळे आकडा एकाने वाढतो आणि तो एक कधीतरी कोणाच्यातरी अंगावर पडतो. आमच्या सीझनला तो दहाव्या फेरीत पडला. त्या फेरीत शेवटून दुसरी आलेली मुलगी एरवीच्या आठवड्यात आरामात वाचली असती, कारण एकच जायचा. त्या दिवशी दोघं जाणार हे तिला स्टेजवर उभी असताना कळलं.

दुसरी तक्रार सातव्या फेरीची. निर्णय फिरवण्याची पण पद्धत असते हो, आणि ती आधी सांगता येते. अमेरिकन आयडॉलने २००९ मध्ये परीक्षकांचा सेव्ह आणला तेव्हा नियम आधी सांगितला होता: अख्ख्या सीझनमध्ये एकदाच, सगळ्या परीक्षकांचं एकमत हवं, शेवटचे पाच उरले की वापरता येणार नाही, आणि वापरला तर पुढच्या आठवड्यात दोघं जाणार. मॅट जिरॉडसाठी तो शेवटच्या सात जणांत वापरला आणि खरंच पुढच्या आठवड्यात दोघं गेले. २०१२ मध्ये जेसिका सँचेझ अशीच वाचली आणि पुढे उपविजेती झाली. ज्याला पटलं नाही तो वाद घालू शकत होता, पण नियम काय होता यावर वाद नव्हता. आमच्याकडे एक परीक्षक उठले, बाकी दोघांनी मान हलवली की नाही ते कॅमेऱ्यात आलंच नाही, हा अधिकार सीझनमध्ये किती वेळा आहे ते कोणी सांगितलं नाही, आणि पुढच्या आठवड्यात दोघं जायला हवे होते तर एकच गेला.

आणि त्या आठवड्याची लोकांची मतं? ती आठव्या फेरीत धरली की शून्य केली? हा प्रश्न लहान वाटतो पण तसा नाहीये. दोन आठवड्यांची बेरीज केली तर जी मुलगी सातव्या फेरीत सगळ्यात खाली होती ती मागूनच सुरुवात करते, आणि शून्य केली तर ज्यांनी त्या आठवड्यात मत दिलं त्यांच्या मताने काहीच ठरलं नाही. दोन्हीपैकी काहीही करा, पण स्क्रीनवर एक ओळ लिहा की आम्ही हे केलं.

(निरोपाची क्लिप तयार होती म्हणजे सगळं ठरवून केलं होतं असं काही लोक म्हणतात, मी तसं म्हणणार नाही. खालच्या तिघांच्याही क्लिप आधी एडिट करून ठेवतात, कोणाचीही लागू शकते. क्लिपवरून काही सिद्ध होत नाही.)

आता टायब्रेकर, आणि इथे मला जरा सविस्तर लिहू द्या कारण इथेच माझ्या मुलीची फायनल गेली.

सेमीफायनल फक्त परीक्षकांच्या मार्कांवर होती. तीन परीक्षक, प्रत्येकी दहा, अर्धा मार्क चालतो, एकूण तीस. सहामधले चार पुढे जाणार. तीन जण वर निघून गेले, चौथ्या जागेसाठी माझी विद्यार्थिनी आणि तो मुलगा दोघांना २७.५. टाय. ब्रेक झाला. घरी बघणाऱ्यांना चार जाहिराती दिसल्या असतील, आम्ही तिथे बराच वेळ बसलो होतो, प्रॉडक्शनची दोन माणसं परीक्षकांच्या टेबलापाशी वाकून बोलत होती, एकाच्या हातात कागद होता. माझी पोरगी स्टेजच्या कडेला उभी राहून माझ्याकडे बघत होती, तिने लांबूनच ओठांनी विचारलं, ताई, काय झालं? मला काय माहीत. ब्रेकनंतर दोघांना पुन्हा गायला सांगतील असं सगळ्यांना वाटलं, तानपुरा पण सुरू झाला होता. निवेदकाने सांगितलं की दोघांच्या आत्तापर्यंतच्या परफॉर्मन्सचा विचार करून हा मुलगा फायनलला जातोय.

आत्तापर्यंतच्या परफॉर्मन्सचा विचार म्हणजे काय? मी वहीत बसून तो विचार केला.

माझी मुलगी अकराच्या अकरा फेऱ्या गायली. एकूण मार्क २८६. सरासरी बरोबर २६.

तो मुलगा पहिल्या पाच फेऱ्या गायला: २५, २४.५, २५, २३.५ आणि ज्या दिवशी गेला त्या दिवशी २२. बेरीज १२०. मग तीन फेऱ्या तो नव्हता. परत आल्यावर २७, २७.५, २७.५, बेरीज ८२. म्हणजे आठ फेऱ्यांत २०२, सरासरी २५.२५.

एकूण बेरीज धरली तर माझी मुलगी खूप पुढे, पण ते बरोबर नाही, तो तीन फेऱ्या गायलाच नाही तर मार्क कुठून येणार. गायलेल्या सगळ्या फेऱ्यांची सरासरी धरली तरी तीच पुढे, २६ विरुद्ध २५.२५. तो पुढे जातो फक्त एकाच हिशोबात, की तो परत आल्यानंतरचंच धरायचं. तेव्हा त्याची सरासरी २७.३३ होते आणि तिची अकरा फेऱ्यांची २६. ही तुलना सरळ सरळ चुकीची आहे, कारण त्याची पडलेली रात्र पुसली जाते आणि तिच्या सगळ्या पडलेल्या रात्री मोजल्या जातात. सुरुवातीला सगळ्यांनाच मार्क कमी पडत होते, पहिल्या आठ फेऱ्यांत तिची सरासरी २५.६ च्या आसपास आहे, पोरं शेवटी शेवटी खुलतात.

पण मी खोटं बोलणार नाही. दोघांच्याही शेवटच्या तीनच फेऱ्या धरल्या, नववी, दहावी, अकरावी, तर तिचे २७, २६.५, २७.५, म्हणजे ८१, सरासरी २७. त्याची २७.३३. तो पुढे! आणि हा हिशोब दोघांना सारखाच आहे. त्यामुळे तो फायनलला गेला हे चूकच झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. कदाचित तुमच्या कागदावर हाच हिशोब होता. पण तो सीझनच्या आधी लिहिलेला होता का त्या ब्रेकमध्ये ठरला, हे मला माहीत नाही, तिला माहीत नाही, त्या मुलाला पण माहीत नाही. एका हिशोबाने एक पुढे, दुसऱ्या हिशोबाने दुसरा पुढे, आणि दोन्ही गुणपत्रकं समोर असताना हिशोब निवडायचा म्हणजे खरं तर माणूसच निवडायचा ना.

टाय झाल्यावर नियम शोधायला बसलं की काय होतं ते युरोव्हिजनमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेत, १९६९ ला झालंय. स्पेन, युनायटेड किंगडम, नेदरलँड्स आणि फ्रान्स, चौघांना १८ मार्क, टायचा नियमच नव्हता, चौघांनाही विजेते जाहीर करावं लागलं. पुढच्या वर्षी काही देशांनी भागच घेतला नाही. मग त्यांनी नियम केले, आणि १९९१ मध्ये स्वीडन आणि फ्रान्स दोघांना १४६ मिळाले तेव्हा हिशोब आधीच ठरलेला होता: १२ मार्क कोणाला जास्त वेळा मिळाले ते बघायचं, तिथेही सारखं निघालं तर १० कोणाला जास्त वेळा. बाराचे दोघांना चार चार, दहाचे स्वीडनला पाच आणि फ्रान्सला दोन. स्वीडन जिंकलं. फ्रान्सला वाईट वाटलं असेलच, पण कोणीही कागद घेऊन तीच बेरीज करून बघू शकत होतं. ब्रिटनच्या एक्स फॅक्टरमध्ये पण खालच्या दोघांपैकी कोण जाणार यावर चार परीक्षकांची मतं दोन-दोन झाली की ‘डेडलॉक’, आणि मग लोकांची मतं ज्याला कमी तो जाणार, हे प्रत्येक बघणाऱ्याला तोंडपाठ होतं.

त्याच एक्स फॅक्टरने २०१२ च्या फायनलनंतर दर आठवड्याची मतांची टक्केवारी जाहीर केली तेव्हा कळलं की ख्रिस्तोफर मलोनी, जो लोकांच्या मतांनी वाइल्ड कार्ड म्हणून आला होता, तो पहिले सात आठवडे मतांमध्ये सगळ्यात वर होता, आणि शेवटी तिसरा आला. विचार करा, तक्ता आलाच नसता तर या माणसाबद्दल लोक काय काय बोलत राहिले असते.

आमच्या सीझनच्या मुलाबद्दल बोलतायतच. मागच्या दाराने आला, सेटिंग होतं, काय वाट्टेल ते त्याच्या फोटोखाली लिहितात. तो छान गातो. त्याने काही लपवलं नाही, लपवलं तुम्ही, आणि शिव्या त्याला पडतायत. तो परत आला हे फायनलला अभिमानाने सांगितलं असतं तर ती त्याची सगळ्यात चांगली गोष्ट झाली असती, २२ वर पडलेला मुलगा २७.५ पर्यंत आला. मी गाणं शिकवते म्हणून सांगते, मधल्या तीन फेऱ्यांच्या काळात त्याने आवाजावर खरंच काम केलं होतं, वरच्या पट्टीत जो आवाज आधी चिरायचा तो परत आल्यावर चिरत नव्हता. तुम्ही त्याची ही मेहनतच कापून टाकलीत.

बघणाऱ्यांसाठी थोडं लिहिते, कोणाची खरी वाटचाल तपासायची असेल तर. जर्नीच्या क्लिपपासून सुरुवात करू नका, ती शेवटी बनवलेली असते. पूर्ण एपिसोड घ्या, तुकडे नाही, आणि प्रत्येक एपिसोडच्या सुरुवातीला स्टेजवर किती जण आहेत आणि शेवटी किती उरले एवढंच लिहा. एका एपिसोडचा शेवटचा आकडा आणि पुढच्याचा पहिला आकडा जुळला नाही तर मधे काहीतरी झालंय, तो भाग शोधा. मग सुरुवातीचे वजा सगळे निरोप अधिक सगळ्या एन्ट्र्या, हे फायनलच्या आकड्याशी जुळायला हवं. आमचं १२ वजा ९ अधिक १, चार. जुळलं. निर्णय फिरवलेला आठवडा मात्र या बेरजेत पकडला जात नाही कारण आकडा हललेलाच नसतो, तो ओळखायचा एकच मार्ग, नाव जाहीर झालं होतं का ते डोळ्याने बघणं, आणि तो भाग नंतर टाकलेल्या एपिसोडमधून कापला असेल तर दुसऱ्या दिवशीची मतदानाची यादी बघणं, तिचं नाव तिथे आहे का. शूटिंग आणि प्रसारणाच्या तारखा वेगळ्या असतात, कधी एका दिवसात दोन एपिसोड शूट होतात, त्यामुळे सोशल मीडियावरच्या फोटोच्या तारखेवरून कोण कधी गेला हे ठरवू नका, मी स्वतः एकदा त्यात फसलेय.

आता मागण्या.

पहिला एपिसोड लागायच्या आधी नियम लिहून टाका: वाइल्ड कार्ड किती, कुठल्या फेरीत, फक्त बाहेर गेलेल्यांना की नव्यांना पण, आणि निवडणार कोण. त्यामुळे कुठल्या आठवड्यात दोघं जाणार तेही त्याच कागदावर हवं, स्पर्धकाला स्टेजवर कळता कामा नये.

निर्णय फिरवायचा अधिकार किती वेळा, एकमत लागतं की बहुमत, कुठल्या फेरीनंतर बंद, आणि त्या आठवड्याच्या मतांचं काय होणार, हे सांगा.

टायसाठी पायऱ्या लिहा. माझं मत विचाराल तर आधी दोघांनी पुन्हा गावं, तरी सारखंच निघालं तर ज्या फेऱ्यांत दोघंही गायले त्याच फेऱ्यांची सरासरी. तुम्हाला दुसरं काही योग्य वाटत असेल तर ते करा, पण आधी.

फायनलच्या जर्नीमध्ये बाहेर जाणं आणि परत येणं दोन्ही दाखवा. फायनलनंतर अख्ख्या सीझनचा तक्ता द्या, फेरीनुसार मार्क, मतांची टक्केवारी, आणि सातव्या फेरीसारख्या ठिकाणी ‘सेफ’ नको, ‘बाहेर जाहीर, निर्णय रद्द’ असं लिहा.

आणि एक वैयक्तिक. माझी विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी क्लासला आली, तानपुऱ्याला गवसणी घालता घालता म्हणाली, ताई, माझी फायनल अर्ध्या मार्काने गेली की किती मार्काने? मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. त्या रात्री ब्रेकमध्ये परीक्षकांच्या टेबलावर जो कागद होता, त्यावर कुठल्या फेऱ्यांची बेरीज होती एवढं तिला कळवा. आकडा काहीही असू दे, ती ऐकून घेईल.

– तिची गाण्याची ताई